हिशेब जुळला, धातू चुकला: मिश्रण पद्धतीच्या एका उकलीची तपासणी

मिश्रण पद्धतीने धातूची विशिष्ट उष्माधारकता काढण्याच्या गणिताची एक उकल या टिपणात तपासायची आहे. उकल नमुन्यादाखल मांडली आहे, पण तिच्यातले दोन्ही दोष उत्तरपत्रिकांत आणि प्रयोगवह्यांत नेहमी दिसणारे आहेत. शेवटी ताळा करूनही उत्तर चुकलेले आहे, म्हणून ती निवडली.

गणित असे आहे. तांब्याच्या कॅलरीमापीचे ढवळणीसह वस्तुमान १६० ग्रॅम आहे. त्यात १०० ग्रॅम पाणी असून दोन्हींचे तापमान २६.० °से आहे. उकळत्या पाण्यात ठेवून ९८.० °से पर्यंत तापवलेला २०० ग्रॅम वस्तुमानाचा धातूचा ठोकळा त्यात सोडला, तेव्हा मिश्रणाचे अंतिम तापमान ३७.३ °से झाले. धातूची विशिष्ट उष्माधारकता c काढा आणि तक्त्यावरून धातू ओळखा. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता ४.१८ J/g°C आणि तांब्याची ०.३८५ J/g°C घ्या.

आणि ही उकल:

उष्ण वस्तूने गमावलेली उष्णता = थंड वस्तूने ग्रहण केलेली उष्णता
२०० × c × (३७.३ − ९८.०) = १०० × ४.१८ × (३७.३ − २६.०)
−१२१४० c = ४७२३.४
c = −०.३८९

«ऋण चिन्ह सोडून दिल्यास c = ०.३८९ J/g°C. तक्त्यात जस्ताची किंमत ०.३८८ आहे, म्हणून धातू जस्त. ताळा: धातूने गमावलेली उष्णता २०० × ०.३८९ × ६०.७ = ४७२२ J, पाण्याने घेतलेली ४७२३ J. दोन्ही समान.»

आधी चांगले काय ते सांगू. उकळत्या पाण्यातून काढलेल्या ठोकळ्याचे तापमान डोळे मिटून १०० घेतलेले नाही, दिलेले ९८.० घेतले आहे. पुण्यासारख्या समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या गावात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, बेंगळुरूत त्याहूनही थोडे खाली. तापमापीवर वाचलेला आकडा वापरणे हेच योग्य. गुणाकार-भागाकारही अचूक आहेत. ताळा केला आहे, जो बहुतेक जण करत नाहीत. तरीही धातू जस्त नाही. उकलीत दोन दोष आहेत. ताळा करूनही ते निसटले, कारण दोहोंचा स्वभाव वेगळा आहे आणि ते पकडायच्या जागाही वेगळ्या आहेत.

चिन्ह सोडून देता येत नाही

पहिल्या ओळीत शब्दांत लिहिलेले विधान बरोबर आहे. «गमावलेली उष्णता» आणि «ग्रहण केलेली उष्णता» या दोन्ही धन राशी आहेत. शंभर रुपये खर्च झाले असे म्हणताना आपण वजा शंभर खर्च झाले असे म्हणत नाही, तसेच हे आहे. तेव्हा डावीकडे तापमानातली घट यायला हवी होती, म्हणजे ९८.० − ३७.३ = ६०.७. उकलीत मात्र दोन्ही बाजूंना «शेवटचे वजा सुरुवातीचे» हा एकच नियम लावला आहे. तो नियमही चुकीचा नाही, पण त्याला वेगळे समीकरण लागते:

Σ m c (T_f − T_i) = ०

म्हणजे प्रत्येक वस्तूच्या उष्णतेतला बदल चिन्हासह लिहायचा आणि सगळ्यांची बेरीज शून्य मांडायची. एका पद्धतीचे समीकरण आणि दुसऱ्या पद्धतीचा फरक असे मिसळले की चिन्ह बिघडते. इथे झाले आहे ते हेच. ऋण विशिष्ट उष्माधारकता म्हणजे उष्णता दिल्यावर थंड होणारा ठोकळा. असे उत्तर आले की थांबून वरची ओळ पाहायची. उकल लिहिणाऱ्याने त्याऐवजी चिन्ह पुसले.

«पण उत्तर तर तेच येते» असा आक्षेप इथे हमखास येतो. या गणितात तो खरा आहे, आणि म्हणूनच ही सवय टिकते. c हा एकच अज्ञात डाव्या बाजूला गुणक म्हणून असल्यामुळे चुकीचे चिन्ह जसेच्या तसे उत्तराला चिकटते आणि पुसून टाकता येते. आता प्रश्न थोडा फिरवू. ठोकळा लोखंडाचा आहे हे माहीत आहे, c = ०.४४९, आणि अंतिम तापमान T काढायचे आहे. ठोकळ्याची उष्माधारकता २०० × ०.४४९ = ८९.८ J/°C. पाणी आणि कॅलरीमापी यांची मिळून ४७९.६ J/°C, ही बेरीज कशी आली ते पुढे येईल. वरच्याच सवयीने लिहिले तर:

८९.८ (T − ९८.०) = ४७९.६ (T − २६.०)

यातून T = ९.४ °से येते. ९८ अंशांचा ठोकळा २६ अंशांच्या पाण्यात सोडला आणि सगळे मिळून ९.४ अंशांवर गार झाले! इथे पुसायला ऋण चिन्हच नाही. उत्तर धन आहे, दिसायला सभ्य आहे, आणि पूर्ण अशक्य आहे. डावीकडे (९८.० − T) लिहिले की T = ३७.४ °से मिळते.

९.४ हा आकडा योगायोगाने बाहेर गेलेला नाही. बरोबर समीकरण सोडवले की T ही दोन तापमानांची भारित सरासरी येते, भार म्हणजे उष्माधारकता, आणि सरासरी नेहमी दोहोंच्या मध्ये असते. चिन्ह चुकले की अंशात आणि छेदात बेरजेच्या जागी वजाबाकी येते. दोन उष्माधारकता असमान असल्या तर असे उत्तर कायम त्या दोन तापमानांच्या बाहेर पडते, आणि समान असल्या तर छेदच शून्य होतो. म्हणून जिथे अंतिम तापमान काढायचे असते, तिथे ते सर्वांत थंड आणि सर्वांत उष्ण वस्तूच्या मध्ये आहे का एवढे पाहिले तरी ही चूक निसटत नाही. अर्थात प्रयोगात बर्फ किंवा वाफ असेल, तर वितळण्याची वा सांद्रीभवनाची उष्णताही मांडावी लागते आणि सरासरीचे साधे सूत्र लागू पडत नाही.

दोन पद्धतींपैकी कोणती घ्यावी? माझे मत शून्य बेरजेच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण आहे. वरच्याच लोखंडी ठोकळ्यासाठी पाणी फ्रिजमधून काढलेले १५.० °से चे आहे आणि कॅलरीमापी खोलीच्या तापमानाला, ३०.० °से ला, आहे असे समजा. पाणी ओतल्याबरोबर ठोकळाही सोडला. कॅलरीमापी उष्णता घेईल की देईल? ठोकळ्याच्या मानाने तो थंड, म्हणून बहुतेक जण त्याला «घेणाऱ्या» बाजूला टाकतील आणि फरक धन लिहितील. गणित केले तर अंतिम तापमान २९.७ °से येते. म्हणजे कॅलरीमापी थोडासा का होईना, गार झाला. त्याने उष्णता दिली. दोन बाजू मांडायच्या तर कोण कोणत्या बाजूचा हे उत्तर मिळण्याआधीच ठरवावे लागते. शून्य बेरजेत ते ठरवावे लागत नाही, चिन्ह आपोआप येते.

ताळ्यात न सापडणारी चूक

दुसरा दोष जास्त गंभीर आहे. कॅलरीमापीचे १६० ग्रॅम आणि तांब्याचे ०.३८५ हे दोन आकडे गणितात दिले आहेत आणि उकलीत कुठेच आलेले नाहीत. पाणी २६.० वरून ३७.३ वर गेले तेव्हा ज्या भांड्यात ते होते तेही तितकेच तापले. त्याची उष्माधारकता १६० × ०.३८५ = ६१.६ J/°C, पाण्याची ४१८ J/°C, मिळून ४७९.६. आता चिन्हे नीट ठेवून:

२०० × c × (३७.३ − ९८.०) + ४७९.६ × (३७.३ − २६.०) = ०
१२१४० c = ५४१९.५
c = ०.४४६ J/g°C

तक्त्यात लोखंडाची किंमत ०.४४९ आणि निकेलची ०.४४४. जस्त यादीतून गेले.

मग उकलीतला ताळा फसला कसा? तो फसलेला नाही, त्याने त्याचे काम केले. c = ०.३८९ ही किंमत «धातूने दिलेली उष्णता पाण्याने घेतली» या समीकरणातूनच काढली होती. ती त्याच समीकरणात परत घातली तर दोन्ही बाजू जुळणारच. घरखर्चाच्या वहीत दूधवाल्याची नोंदच केली नाही, तर बेरीज कितीही वेळा तपासली तरी चूक सापडत नाही. ताळ्याने बेरीज-गुणाकार तपासले जातात. वहीत कोण यायला हवे होते ते तपासले जात नाही.

या उकलीत योगायोगही विरोधात उभा राहिला. ०.३८९ आणि जस्ताचे ०.३८८ तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत जवळ आहेत. इतके जुळल्यावर कोणाला शंका येईल? तक्ता हाही पुरावा वाटू लागतो. पण ०.३८ ते ०.३९ च्या दरम्यान तांबे, पितळ आणि जस्त अशी गर्दी आहे. चुकून तिथे पोहोचलेल्या कोणत्याही उत्तराला कोणीतरी सोबती मिळतोच. हा ठोकळा चुंबकाजवळ नेला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. जस्त चुंबकाकडे ओढले जात नाही, लोखंड आणि निकेल ओढले जातात.

लोखंड की निकेल हे मात्र या प्रयोगातून ठरत नाही, आणि तसे लिहिण्यात कमीपणा नाही. अंतिम तापमान ३७.३ ऐवजी ३७.२ वाचले तर c = ०.४४२ येते, ३७.४ वाचले तर ०.४५१. तापमापीवरच्या ०.१ अंशाच्या फरकात दोन्ही धातू मावतात. तिथे घनता विचारावी: २०० ग्रॅम लोखंडाचे आकारमान सुमारे २५.४ घन सेंमी आणि निकेलचे २२.५ घन सेंमी, हा फरक मापनपात्रात सहज दिसतो.

भांडे विसरण्याची सवय लागते कुठून? रसायनशास्त्राच्या तासाला थर्मोकोलच्या पेल्यात आम्ल-आम्लारीचा प्रयोग होतो आणि तिथे पेल्याची उष्माधारकता सोडून देतात. ते योग्यच आहे. पेला दोन-तीन ग्रॅमचा, त्याची उष्माधारकता तीन-चार J/°C, म्हणजे १०० ग्रॅम पाण्याच्या एक टक्क्याच्या आसपास. तांब्याच्या या भांड्याचे प्रमाण ६१.६ : ४१८, जवळजवळ १५ टक्के. सोडायचे की नाही हे भांडे «लहान» आहे की «मोठे» यावर ठरत नाही, या प्रमाणावर ठरते. जुन्या प्रयोगवह्यांत यासाठी जलतुल्यांक काढत असत: ६१.६ ÷ ४.१८ = १४.७ ग्रॅम. म्हणजे हे भांडे उष्णतेच्या हिशेबात १४.७ ग्रॅम जादा पाण्यासारखे वागते. ही कल्पना आता मागे पडली, पण डोळ्यांसमोर चित्र उभे करायला ती अजूनही चांगली आहे. काचेच्या चंचुपात्राला हा हिशेब इतका सरळ लागू होत नाही. काच उष्णतेची मंद वाहक असल्यामुळे पाण्याच्या पातळीच्या वरचा भाग तेवढा तापत नाही, आणि संपूर्ण वस्तुमान धरणे चूक ठरते. तांब्याचे भांडे घेण्यामागे हेही एक कारण आहे: ते लवकर सगळीकडे एका तापमानाला येते.

यावर उपाय समीकरणाच्या आधीचा आहे. एक छोटा तक्ता काढावा: वस्तू, उष्माधारकता, सुरुवातीचे तापमान, शेवटचे तापमान. ज्या कशाचे तापमान बदलले ते सगळे त्यात आले पाहिजे. या गणितात तीन ओळी होतात: ठोकळा, पाणी, आणि कॅलरीमापी ढवळणीसह. छापील गणितात न वापरलेला आकडा हीही खूण असते, पण प्रयोगशाळेत भांड्याचे वस्तुमान कोणी आयते देत नाही. ते तोलले नसेल तर आठवण करून देणारेही काही नसते.

«उष्णता वातावरणात गेली»

उत्तर तक्त्याच्या किमतीपेक्षा कमी आले की प्रयोगवहीत हे वाक्य लिहिले जाते. ते लिहिण्यापूर्वी आकार पाहावा. भांडे विसरल्याने हिशेबातून ६१.६ × ११.३ = ६९६ ज्यूल गळले. एवढी उष्णता खरोखर बाहेर गेली असती, तर अंतिम तापमान सुमारे सव्वा अंशाने खाली आले असते. दोन्ही कारणे c कमीच करतात, म्हणून एकाच्या आड दुसरे लपते; पण त्यांचा आकार तपासता येतो. मिश्रण झाल्यावर दर मिनिटाला तापमान वाचत राहा. समजा ते मिनिटाला ०.१ अंशाने उतरते आहे आणि तापमान स्थिर व्हायला एक मिनिट लागले होते. मग बाहेर गेलेली उष्णता जास्तीत जास्त ५७ ज्यूलच्या घरात आहे. ६९६ ज्यूलचा दोष तिच्यावर घालता येणार नाही.

उलट दिशेची चूकही असते. उकळत्या पाण्यातून काढलेला ठोकळा न टिपता टाकला आणि त्याला एक ग्रॅम पाणी चिकटलेले असेल, तर ते पाणी सोबत ४.१८ × ६०.७ = २५४ ज्यूल आणते. ते सगळे धातूच्या नावावर जमा होऊन c सुमारे ०.०२ ने वाढते. भांडे विसरणे आणि ठोकळा ओला टाकणे या दोन चुका एकत्र झाल्या, तर त्या एकमेकींना काही अंशी झाकतात, आणि उत्तर जवळपास बरोबर दिसू लागते.

काहीतरी राहून गेले आहे का, हे प्रयोगालाच विचारता येते. तोच ठोकळा, तोच कॅलरीमापी, पाणी मात्र २०० ग्रॅम घ्या. समजा अंतिम तापमान ३२.५ °से आले. भांडे न धरता c = ८३६ × ६.५ ÷ (२०० × ६५.५) = ०.४१५. आधी ०.३८९, आता ०.४१५. धातूचा गुणधर्म शेजारी किती पाणी आहे त्यावर बदलत नाही, तेव्हा हिशेबात कोणीतरी गैरहजर आहे हे उघड झाले. पाणी वाढवले की भांड्याचा वाटा घटतो आणि c खऱ्या किमतीकडे सरकते. भांडे धरले तर दोन्ही वेळा ०.४४६ च्या आसपासच उत्तर येते.

दोन प्रयोगांची दोन समीकरणे एकत्र सोडवून c आणि भांड्याची उष्माधारकता ही दोन्ही अज्ञाते काढावीत असे इथे सुचते. वरच्या आकड्यांतून भांड्यासाठी सुमारे ५९ J/°C मिळते, ६१.६ च्या जवळ. पण ३२.५ ऐवजी ३२.४ वाचले गेले तर तीच किंमत ४२ पर्यंत घसरते. दोन जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी असल्याने लहानशी वाचनचूक फुगते. म्हणून हा दुसरा प्रयोग भांडे हिशेबातून सुटले आहे का हे ओळखण्यासाठी वापरावा. त्याची उष्माधारकता मात्र रिकामे, कोरडे भांडे ढवळणीसह तोलूनच काढावी.